भिंतीला रंग किती लागेल?

बेळगावच्या शहापूर भागातील एका जुन्या घरात गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुलीचा साखरपुडा ठरला होता. घराचे मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पाहुणे येण्यापूर्वी निदान बाहेरची खोली तरी नव्याने रंगवून घ्यावी, असे त्यांच्या मनात आले. भिंतींसाठी फिकट मोतिया रंग निवडला गेला. दुकानदाराने डब्यावरील मजकूर वाचून दाखविला : प्रत्येक लिटरला १४० चौरस फूट, दोन हात. (रंगाचा एक थर म्हणजे रंगाऱ्यांच्या भाषेत एक ‘हात’.) भिंतींचे क्षेत्रफळ ५०० चौरस फुटांच्या आसपास भरत होते. ५०० भागिले १४० म्हणजे साडेतीन लिटरांहून किंचित अधिक. चार लिटरांचा एक डबा पुरेल, वर थोडा उरेलही, असा हिशेब होऊन डबा घरी आला.

पहिला हात सुरळीत पार पडला. दुसऱ्या हाताच्या वेळी खिडक्यांची भिंत झाली, तिच्या शेजारची दाराची भिंत झाली आणि समोरच्या मोठ्या, सलग भिंतीवर कोपऱ्यापासून जेमतेम तीन फूट रंग गेला असेल नसेल, तोच डबा रिकामा झाला. लगोलग त्याच दुकानातून, त्याच क्रमांकाचा, एक लिटरचा डबा आणून उरलेले काम पुरे करण्यात आले. रंग ओला असताना काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्यांतून उजेड आला, तेव्हा त्या सलग भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर छतापासून जमिनीपर्यंत एक उभी रेघ स्पष्ट दिसू लागली. रेघेच्या एका अंगाला मोतिया रंग, दुसऱ्या अंगालाही मोतियाच. परंतु एक किंचित पिवळसर, दुसरा किंचित राखी. आणि वधूवरांना बसविण्याची जागा नेमकी त्याच भिंतीपुढे ठरलेली!

“अण्णा, डब्यावर लिहिलंय तेवढा रंग कधी पुरत नाही. भिंत पिते,” रंगारी म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. मात्र भिंत किती पिते, हे आधी मोजता येते की नाही, हा प्रश्न राहिलाच. तो सोडविला घरातील सुनेने, पुढे मधली खोली रंगवावयाची वेळ आली तेव्हा. तिचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे.

प्रथम भिंतीचे माप. पुष्कळ ठिकाणी जमिनीचे क्षेत्रफळ घेऊन त्याला साडेतीनने गुणण्याची पद्धत आहे. मध्यम आकाराच्या खोलीत हा आडाखा बरा जमतो. परंतु खोली लहान किंवा फार मोठी असली, की तो फसतो. ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि १० फूट उंच अशी कोठीची खोली घेतली, तर आडाख्याने १६८ चौरस फूट येतात. प्रत्यक्षात भिंती २८० आणि छत ४८ मिळून ३२८ भरतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. उलट ३० फूट लांब व २० फूट रुंद दिवाणखान्यात आडाखा २१०० सांगतो आणि प्रत्यक्ष क्षेत्र १६०० असते. जमीन लहान झाली तरी भिंतीची उंची तेवढीच राहते, हे यामागील कारण होय. म्हणून फीत घेऊन भिंतीच मोजाव्यात, हे उत्तम.

शहापूरच्या घरातील बाहेरची खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच. चारी भिंतींची मिळून लांबी ५६ फूट; तिला उंचीने गुणले की ५६० चौरस फूट होतात. यातून ३ फूट रुंद व ७ फूट उंच अशी दोन दारे, म्हणजे ४२ चौरस फूट, आणि ४ फूट चौरस अशा दोन खिडक्या, म्हणजे ३२ चौरस फूट, वजा केली. राहिले ४८६. परंतु जुन्या घराच्या भिंती जाड असतात. खिडकीची चौकट भिंतीच्या आत बसलेली असून तिच्या चारी बाजूंना अर्ध्या फुटाची भिंतीची कड उघडी राहते. त्या कडेलाही तोच रंग लागतो. एका खिडकीचा परीघ १६ फूट, त्याला अर्ध्या फुटाने गुणून ८ चौरस फूट; दोन खिडक्यांचे १६. ते मिळविले की ५०२ चौरस फूट होतात. येथपर्यंत दुकानातील हिशेब आणि हा हिशेब यांत काहीच अंतर नाही. चूक मापात नव्हती.

चूक होती ती १४० या आकड्याचा अर्थ लावण्यात. एक लिटर रंग म्हणजे एक हजार घन सेंटिमीटर रंग. तो १४० चौरस फुटांवर, म्हणजे सुमारे १३ चौरस मीटरांवर, सारखा पसरला तर त्याची जाडी एक मिलिमीटरच्या तेराव्या हिश्श्याइतकी भरते, आणि तीही दोन्ही हात मिळून. त्यातील पाणी उडून गेल्यावर भिंतीवर जे राहते, ते बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी असते. लिहिण्याचा साधा कागद साधारणपणे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. रंगाचा सुकलेला पापुद्रा त्याहूनही पातळ. तेव्हा ‘एक लिटरला इतके चौरस फूट’ या शब्दांनी खरे पाहता एक विशिष्ट जाडी सांगितलेली असते. काचेसारख्या गुळगुळीत, काहीही न शोषणाऱ्या पृष्ठभागावर ती जाडी साधते. वाळूच्या गिलाव्यावर मात्र रंगाला आधी बारीक खळगे भरावे लागतात, छिद्रांत शिरावे लागते, आणि मगच वर झाकणारा थर तयार होतो. भिंत पिते ती अशी.

या आकड्याविषयी आणखी दोन गोष्टी पाहून घ्यावयास हव्यात. पहिली, तो किती हातांसाठी दिलेला आहे. आपल्याकडील आतील भिंतींच्या रंगांवर पुष्कळदा दोन हात मिळूनचा आकडा असतो. अन्य काही रंगांवर, विशेषतः चौरस मीटरांत माप दिले असेल तेथे, एकाच हाताचा आकडा असण्याचा संभव असतो. दोन हातांचा आकडा एका हाताचा समजून पुन्हा दोनने गुणले, तर दुप्पट रंग घरात येऊन पडतो. एका हाताचा आकडा दोन हातांचा समजला, तर निम्म्यावर काम अडते. डब्यावर नुसताच आकडा असेल आणि हातांचा उल्लेख नसेल, तर माहितीपत्रक मागून घेऊन खात्री करावी. दुसरी गोष्ट, ‘लिटर’ म्हणजे डब्यातील लिटर. पाणी घालून वाढलेला नव्हे. रंगारी एका लिटरमध्ये चारशे मिलिलिटर पाणी घालतो, तेव्हा बादलीत १.४ लिटर दिसतो. परंतु झाकणारा रंग त्यात एकाच लिटरचा असतो. ठरलेल्यापेक्षा अधिक पाणी घालून रंग ‘पुरविला’, तर पापुद्रा तेवढाच पातळ होतो, खालचा रंग डोकावतो आणि अखेर तिसरा हात द्यावा लागतो.

मग आपल्या भिंतीचा आकडा कसा काढावा? सुनेने मधल्या खोलीत तो असा काढला. त्या खोलीचा गिलावा बाहेरच्या खोलीसारखाच होता. भेगांत लांबी भरून, काचकागदाने घासून, अस्तराचा हात देऊन भिंत तयार झाली होती. तिने दाराआडच्या भिंतीवर पेन्सिलीने ५ फूट रुंद व ५ फूट उंच असा चौकोन आखला. क्षेत्रफळ २५ चौरस फूट. स्वयंपाकघरातील खुणांच्या मापाने ५०० मिलिलिटर रंग आणि रंगारी नेहमी घालतो त्या प्रमाणात २०० मिलिलिटर पाणी, असे ७०० मिलिलिटर मिश्रण तयार केले. रोलर आधी वेगळ्या थोड्या रंगात भिजवून निथळून घेतला; नाही तर रोलरने स्वतः प्यालेला रंग भिंतीच्या नावावर जमा होतो. रंगाऱ्याला तिने एवढेच सांगितले, “मिस्त्री, नेहमी मारता तसाच मारा, मापासाठी म्हणून ताणू नका.”

पहिला हात झाल्यावर मिश्रण मोजले, तेव्हा ५०० मिलिलिटरांच्या खुणेच्या थोडे वर उरले होते. म्हणजे १९६ मिलिलिटर मिश्रण भिंतीवर गेले. ७ भाग मिश्रणात ५ भाग रंग, या प्रमाणाने त्यात डब्यातील रंग १४० मिलिलिटर झाला. उरलेले मिश्रण झाकून ठेवले, कारण उघडे राहिल्यास त्यातील पाणी उडून माप चुकते. भिंत पुरती सुकल्यावर दुसरा हात दिला. आता भांड्यात ३५० मिलिलिटर राहिले. म्हणजे दुसऱ्या हाताला मूळ रंग ११० मिलिलिटर लागला. भिंतीची छिद्रे पहिल्या हाताने भरली असल्यामुळे दुसऱ्याला कमी लागणे साहजिकच होते. दोन्ही मिळून २५० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटर रंगात २५ चौरस फूट. एका लिटरला हिशेबाने १०० चौरस फूट.

“मामंजी, डब्यावरचा आकडा खोटा नाही. पण तो आपल्या भिंतीचा नाही. आपल्या भिंतीचा आकडा शंभर,” ती म्हणाली.

“अगं, म्हणजे बाहेरच्या खोलीला पाच लिटर लागणारच होता की,” मामंजी म्हणाले.

तसेच होते. या आकड्यांनी बाहेरच्या खोलीतील ती रेघ कोठे पडणार, हेसुद्धा सांगता येते. पहिल्या हाताला २५ चौरस फुटांना १४० मिलिलिटर, तर ५०२ चौरस फुटांना सुमारे २.८ लिटर. चार लिटरांतून ते वजा जाता १.२ लिटर उरला. दुसऱ्या हाताला २५ चौरस फुटांना ११० मिलिलिटर लागतो, म्हणून १.२ लिटरमध्ये साधारण २७३ चौरस फूट होतात. खिडक्यांची भिंत कडांसह १४४ चौरस फूट, दाराची भिंत ९९, मिळून २४३. उरले ३० चौरस फूट. दहा फूट उंचीच्या भिंतीवर ३० चौरस फूट म्हणजे नेमके तीन फूट रुंदीचे. रंगारी तीन फुटांवर थांबला, तो या हिशेबाप्रमाणेच थांबला होता. तो आळशी नव्हता आणि दुकानदार लबाड नव्हता; एका भिंतीचा आकडा दुसऱ्या भिंतीला लावला गेला होता.

पाच लिटर रंग लागतो म्हणून पाचच लिटर आणावा काय? तसे करू नये. रोलरला, ताटलीला, बादलीच्या तळाला काही रंग चिकटून वाया जातो. कोपरे आणि दारांच्या कडा कुंचल्याने पुन्हा सावराव्या लागतात. पुढे खुर्चीचा घासा लागला तर डागडुजीला थोडा हवा असतो. यासाठी दहावा हिस्सा अधिक धरला म्हणजे साडेपाच लिटर होतात. बाजारात डबे साधारणतः १, ४, १० आणि २० लिटरांचे मिळतात. म्हणून एक चार लिटरांचा व दोन एकेक लिटरांचे, असे सहा लिटर आणणे योग्य. दहा लिटरांचा डबा प्रतिलिटर स्वस्त पडत असला, तरी उरलेले साडेचार लिटर त्याच रंगाची दुसरी खोली नसेल तर माळ्यावर पडून राहतात.

छताचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण त्याचा रंग बहुधा वेगळा असतो आणि त्याची शोषण्याची रीतही भिंतीसारखी नसते. या खोलीचे छत १६ गुणिले १२, म्हणजे १९२ चौरस फूट. त्यात खोलीच्या रुंदीत एक तुळई असून ती छताखाली एक फूट उतरलेली आहे. तुळईचा तळ छताच्या मापात येऊनच गेला. परंतु तिच्या दोन्ही बाजू, प्रत्येकी १२ चौरस फूट, अधिक धरावयास हव्यात. एकूण २१६. छतावर अशीच चाचणी घेतली, तेव्हा पूर्वीच्या गुळगुळीत पांढऱ्या रंगावर दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट आले. २१६ भागिले १२० म्हणजे १.८ लिटर, दहावा हिस्सा मिळवून दोन लिटर. अस्तराचाही हिशेब याच रीतीने, त्याच्या स्वतःच्या आकड्याने आणि एका हाताचा, निराळा करावा. नव्याने लांबी लावलेल्या भिंतीवर अस्तर चुकविले, तर वाचलेल्या अस्तराहून महागडा रंगच भिंत अधिक पिते.

चाचणीच्या चौकोनाचा आणखी एक उपयोग आहे. दोन हात पुरते सुकल्यावर तो दिवसाच्या उजेडात पाहावा. खालचा जुना रंग ढगासारखा कोठे कोठे डोकावत असेल, तर दोन हात पुरणार नाहीत. गडद निळ्या किंवा हिरव्या भिंतीवर मोतिया रंग द्यावयाचा असेल, तर असे पुष्कळदा होते. तिसऱ्या हाताला दुसऱ्याइतकाच रंग लागतो असे धरले, तर या खोलीला आणखी २.२ लिटर हवा. ही गोष्ट २५ चौरस फुटांवर कळणे आणि ५०० चौरस फुटांवर कळणे, यांतील अंतर सांगावयास नको.

मात्र हा सगळा हिशेब सुक्या आणि घट्ट भिंतीचा आहे. पावसाळ्याची ओल भिंतीत असेल, किंवा बोट फिरविल्यावर जुन्या चुन्याची पूड हाताला लागत असेल, तर कितीही मोजून रंग आणला तरी त्याचे पोपडे निघावयाचेच. तेथे आधी चुना खरवडावा, ओलीचे मूळ शोधावे आणि भिंत सुकू द्यावी. मापाची फीत त्यानंतर हाती घ्यावी.

राहिली ती रेघ. आजकाल दुकानातील यंत्र पांढऱ्या रंगात ठरलेल्या प्रमाणात रंगद्रव्याचे थेंब सोडून हवी ती छटा तयार करते. क्रमांक तोच असला, तरी मुळातील पांढरा रंग दुसऱ्या घाणीतील असला किंवा थेंबांत अल्पसा फरक पडला, तर छटा बारीकशी बदलते. दोन वेगवेगळ्या भिंतींवर हा फरक ओळखू येत नाही, कारण प्रत्येक भिंतीवर उजेड निराळ्या बाजूने पडत असतो. एकाच भिंतीवर दोन छटा शेजारी आल्या, की डोळा तो ताबडतोब पकडतो. म्हणून सर्व डबे एकाच वेळी आणावेत, काम सुरू करण्यापूर्वी एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करावेत, आणि मगच लागेल तसा रंग काढून घ्यावा. इतके करूनही रंग अपुरा पडणार असे दिसले, तर भिंतीच्या मध्ये कधीही थांबू नये. मागच्या कोपऱ्यावरच थांबून नवा डबा पुढच्या कोपऱ्यापासून सुरू करावा.

त्या घरात साखरपुड्याच्या आदल्या दिवशी हाच उपाय करण्यात आला. आणखी एक लिटरचा डबा आणून ती सलग भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा एकदा रंगविली. १६० चौरस फुटांना सुमारे ७०० मिलिलिटर लागला. रेघ नाहीशी झाली. छटेतील फरक दोन्ही कोपऱ्यांत जाऊन लपला आणि पाहुण्यांपैकी कोणाच्या तो ध्यानातही आला नाही.

पुढे सुनेने आपला कागद मामंजींपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी डब्यांच्या पावत्या काढून पाहिल्या. पहिला चार लिटरांचा, मग एक लिटरचा, मग आणखी एक लिटरचा. एकूण सहा लिटर. हिशेबानेही सहाच लिटर आणावयाचे होते. पैसा रंगावर तेवढाच गेला होता. जास्त गेली ती रंगाऱ्याची एका दिवसाची मजुरी आणि घरच्यांची एक रात्रीची झोप. मधल्या खोलीचे सर्व डबे मात्र एकाच पावतीवर आले, आणि पहिल्या हातापूर्वी एकाच बादलीत ओतले गेले.